जुलाब थांबल्यानंतरच्या दहा गोळ्या

पावसाळ्यात मुंबईतल्या महापालिकेच्या दवाखान्यात जुलाबाचे मूल आणले की ओआरएसच्या पाकिटांबरोबर झिंकच्या गोळ्याही हातात पडतात. पाकिटे संपतात, गोळ्या मात्र बहुधा अर्ध्यावर राहतात, कारण जुलाब थांबले म्हणजे औषधाचे काम झाले असे घरात धरले जाते. झिंकच्या बाबतीत हा हिशेब चुकतो.

ओआरएस शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार भरून काढते. झिंक पाणी भरून काढत नाही, म्हणून ते ओआरएसच्या जागी कधीच चालत नाही. जुलाबावाटे शरीरातले जस्त, म्हणजेच झिंक, वाहून जाते आणि आतड्याच्या खराब झालेल्या अस्तराला नव्या पेशी तयार करण्यासाठी तेच लागते. गोळ्यांमुळे आजार थोडा लवकर आटोपतो, आणि पूर्ण मुदत घेतल्यास पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये ओआरएससोबत 10 ते 14 दिवस झिंक देण्याची शिफारस केली. आपल्याकडे 14 दिवस दिले जाते.

समजा, गोवंडीतल्या अकरा महिन्यांच्या मुलीला 8 जुलैला जुलाब सुरू झाले आणि त्याच दिवशी पहिली गोळी दिली. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी लागते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, तीही आईच्या काढलेल्या दुधात विरघळवून. या मुलीची गोळी चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवावी, गिळायला देऊ नये. चव धातूसारखी लागते आणि काही मुले ओकतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी एकदा पुन्हा द्यावी.

प्रत्येक पातळ शौचानंतर तिला 50 ते 100 मिली ओआरएस चमच्याने पाजावे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, ते पेलाभर पाण्यात कालवले तर द्रावण घातक ठरण्याइतके खारट होते. दुकानात 200 मिलीची छोटी पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरचे माप वाचूनच पाणी घ्यावे. उरलेले द्रावण 24 तासांनी टाकून द्यावे.

अंगावरचे दूध चालूच राहते. मऊ खिचडी, तूप घातलेला वरणभात, कुस्करलेले केळे थोडे थोडे, वरचेवर द्यावे. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवण्याची जुनी सवय मुलाला अधिकच अशक्त करते. बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे.

11 जुलैला जुलाब थांबले, तेव्हा चार गोळ्या झाल्या होत्या. उरलेल्या दहा 21 जुलैपर्यंत जायला हव्यात. कार्डावर सुरू केल्याची तारीख, मात्रा, शेवटच्या गोळीची तारीख आणि खाण्याचा सल्ला लिहिलेला असला, की घरी आलेल्या आरोग्य सेविकेला पट्टीतल्या गोळ्या मोजून खुंटलेला डोस तिथेच कळतो. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, काही पिता न येणे किंवा गुंगी दिसली, तर मात्र गोळ्या मोजत न बसता मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.