दगडी कमानीचा पूल किती टन पेलतो? या आकड्यामागचा इतिहास

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही खासगी वाहने पाण्यात गेली. पूल 1928 सालचा होता, दगडी कमानींचा. शेजारीच नवा पूल होता, पण मुंबई-गोवा महामार्गाची एका बाजूची वाहतूक जुन्यावरूनच चालू होती. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारने नंतर सांगितले. नव्या पुलाचे काम 165 दिवसांत पुरे झाले आणि जून 2017 मध्ये तो खुला झाला.

या घटनेनंतर राज्यात जुन्या पुलांची तपासणी सुरू झाली आणि प्रत्येक फाइलीत एक आकडा मागितला जाऊ लागला: पूल किती टन पेलतो? हा आकडा कुठून येतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कळल्याशिवाय दुरुस्ती करायची की पाडून नवा बांधायचा हा निर्णय नीट होऊ शकत नाही. त्यामुळे आधी आकड्याचीच गोष्ट.

कमान उभी का राहते, याचे पहिले चांगले उत्तर इंग्लंडमध्ये रॉबर्ट हूकने 1675 मध्ये दिले. दोन टोकांना धरलेली साखळी जशी लोंबते, तोच आकार उलटा केला की दगड एकमेकांवर रेलून उभे राहतात. साखळीत फक्त ताण असतो, कमानीत फक्त दाब. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही, आणि चुन्याच्या दरजेला तर मुळीच नाही. जड ट्रक कमानीच्या एका बाजूवर आला की ही उलटी साखळी दगडाच्या जाडीच्या आत मावली पाहिजे. ती कडेला जाऊन टेकली की तिथली दरज उघडते आणि दार बिजागरीवर फिरावे तशी कमान तिथे फिरू लागते. अशा चार बिजागऱ्या झाल्या की कमान कोसळते. दगड चिरडल्यामुळे कमान पडल्याचे क्वचितच दिसते, ती पडते आकार बिघडल्यामुळे. केंब्रिजचे जॅक हेमन यांनी 1960 च्या दशकात हा विचार आधुनिक गणितात पक्का बसवला.

आपल्याकडे वापरात असलेली सोपी पद्धत मात्र हेमन यांच्याआधीची आहे. तिचा जन्म लष्करात झाला. 1930 च्या दशकात लंडनमध्ये इंजिनिअर पिपर्ड यांनी कमानींवर प्रयोग करून, दोन टोकांना बिजागरी असलेली लवचीक पट्टी मानून हिशेब मांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, समोरच्या कमानीवरून रणगाडा नेता येईल का हे मैदानातच, फूटपट्टी आणि तक्त्याच्या मदतीने ठरवायची गरज पडली. पिपर्ड यांच्या कामावरून ब्रिटिश लष्कराच्या इंजिनिअरिंग संस्थेने नियम बसवला आणि संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो मेक्सी म्हणून ओळखला जाऊ लागला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूल-क्षमतेच्या मार्गदर्शिकेतही याच विचाराचा आधार घेतलेला आहे. सूत्र छोटे आहे:

```
P = 740 × (d + h)² ÷ L^1.3
```

d म्हणजे कमानीच्या दगडी वलयाची जाडी, h म्हणजे माथ्यावरच्या भरावाची जाडी आणि L म्हणजे गाळ्याची लांबी, सगळे मीटरमध्ये. उत्तर एका आसाच्या टनांत येते. सूत्र 18 मीटरपर्यंतच्या गाळ्यांसाठीच आहे.

एक काल्पनिक पण नेहमी भेटणारा गाळा घेऊ. लांबी 8 मीटर, उंची 2 मीटर, दगडी वलय 0.5 मीटर, वर 0.4 मीटर भराव. सूत्रातून 40 टन येतात. मग कपाती सुरू होतात. कमान वर्तुळाच्या तुकड्यासारखी, आदर्श आकारापेक्षा थोडी वेगळी, म्हणून आकारासाठी 0.9. दगड चांगला, भराव ठीकठाक दाबलेला, म्हणून साधारण 0.98. दरजा जाड, चुना भुसभुशीत आणि काही ठिकाणी बाहेर पडलेला, अशा तीन दोषांसाठी प्रत्येकी 0.9, म्हणजे एकत्र 0.73. हे सगळे गुणल्यावर जवळपास 26 टन उरतात.

आता शेवटचा गुणक येतो: एकंदर अवस्था. हा शून्य ते एक या दरम्यान असतो आणि तो पाहणी करणाऱ्या इंजिनिअरने आपल्या नजरेने ठरवायचा असतो. त्याने 0.8 धरला तर आकडा 20 टनांच्या पुढे राहतो. 0.4 धरला तर सव्वादहा टनांच्या आसपास येतो. 2018 मध्ये आपल्याकडे ट्रकच्या जोडआसाची, म्हणजे लागून असलेल्या दोन आसांची मिळून, कायदेशीर मर्यादा 19 वरून 21 टन झाली, म्हणजे एका आसावर साडेदहा. तोच पूल, तीच मोजमापे. एकाच्या नजरेत तो दुप्पट सुरक्षित, दुसऱ्याच्या नजरेत नापास. पूल पाडण्याच्या प्रस्तावाला टनांचा आकडा जोडलेला असेल तर मी सगळ्यात आधी हा गुणक शोधतो आणि तो कोणत्या भेगेमुळे, कोणत्या फुगलेल्या भिंतीमुळे धरला आहे हे लिहिले आहे का ते पाहतो. बहुतेक वेळा तिथे नुसता आकडा असतो.

सूत्राची आणखी एक खोड आहे. वर डांबराचे थर चढवत भराव 0.4 चा 0.5 मीटर झाला, की सुरुवातीचे 40 टन कागदावर जवळपास 50 होतात. भरावामुळे चाकाचा भार पसरतो हे खरे आहे, पण सूत्र माती आणि दगड यांची जाडी सरळ एकत्र मिळवते. म्हणून माथ्यावर छोटे भोक पाडून वलय किती आणि भराव किती हे प्रत्यक्ष मोजावे लागते. दर्शनी कडेचा घडीव दगड पाहून आत तेवढीच जाडी असेल असे धरणे ही नेहमीची चूक आहे. आतला भाग पुष्कळदा डबराचा आणि कमी जाडीचा असतो.

1980 च्या दशकात ब्रिटनमध्ये वापरातून गेलेल्या खऱ्या कमानी मोडेपर्यंत दाबून पाहिल्या गेल्या. स्कॉटलंडमधील ब्रिजमिलची 18.3 मीटरची कमान 3,100 किलोन्यूटन, म्हणजे तीनशे टनांहून जास्त वजनाला पडली. प्रेस्टवुडची 6.55 मीटरची, विटेच्या पातळ वलयाची, आधीच वाकलेली कमान 228 किलोन्यूटनला, म्हणजे 23 टनांच्या आसपास पडली. गाळा लहान म्हणून पूल भक्कम, हा समज इथे संपला. आकार आणि जाडीच निर्णायक ठरली.

सूत्रावर भरवसा नसेल तर प्रत्यक्ष भार टाकून पाहता येते. आपल्या रेल्वे आणि रस्त्यांच्या नियमांत यासाठी फार बारीक मर्यादा आहेत: माथा 1.25 मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ नये आणि कमानीची टोके जेमतेम 0.4 मिलिमीटरहून जास्त फाकू नयेत. ऊन चढले की कमान स्वतःच इतकी हलते, म्हणून वाचन पहाटे आणि तापमानाची नोंद ठेवूनच घ्यावे लागते. टोके फाकण्याची मर्यादा इतकी कडक का, याचे कारण हूकच्या साखळीत आहे. आधार जरा सरकला की माथा बसतो आणि आकार बदलतो.

आणि आधार सरकवते ते पाणी. सावित्रीचा पूल ट्रकच्या वजनाने मोडला नाही, पुराने नेला. पुरात खांबाभोवती पाणी भोवरा घेते आणि पायाखालची वाळू खरवडून नेते. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने पुन्हा भरतो. उन्हाळ्यात पाहणीला गेलेल्या माणसाला तिथे सपाट तळ दिसतो आणि खांब सुस्थितीत असल्याचा शेरा पडतो. हा खड्डा डोळ्यांना दिसत नाही. सळई खुपसून सैल थर कुठे संपतो ते पाहावे लागते, पाया किती खोल आहे आणि खडकावर टेकला आहे का ते शोधावे लागते. कमानींच्या रांगेत एक खांब गेला की शेजारच्या कमानीचा जोर अडवायला काही उरत नाही, आणि तीही जाते. म्हणून जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी लांब पुलांत काही गाळ्यांमागे एक जास्त रुंद खांब ठेवलेला दिसतो. टनांच्या सूत्रात नदी कुठेच नाही. वीस टन आणि दहा टन यांवर वाद घालत बसलेल्या अहवालात पायाची खोली नोंदलेलीच नसेल, तर तो अहवाल अपुरा आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

वारशाचा प्रश्न याच अहवालात, याच टप्प्यावर यायला हवा. मुंबईत वारसा वास्तूंसाठी 1995 पासून श्रेण्यांची नियमावली आहे, पण गावाकडचे रस्त्यावरचे पूल सहसा कोणत्याच यादीत नसतात. त्यामुळे निर्णय झाल्यावर कोणीतरी हरकत घेते आणि तोवर कंत्राट निघालेले असते. इंग्लंडमध्ये कंब्रिया परगण्यातल्या ग्रेट मस्ग्रेव्ह इथल्या 1862 च्या रेल्वे-कमानीचे असेच झाले. 2021 मध्ये ती सुरक्षिततेच्या कारणाने काँक्रीट आणि खडीने खालून बुजवली गेली. पूल इंजिनिअर टॉमस बाउच यांच्या रेल्वेमार्गावरचा होता आणि दोन जपलेल्या रेल्वेमार्गांना जोडण्याची आशा त्याच्याखालून जात होती. 2022 मध्ये स्थानिक परिषदेने या बुजवणीला मंजुरी नाकारली आणि 2023 मध्ये सगळा भराव पुन्हा उपसून काढावा लागला. क्षमतेचा हिशेब आणि वारशाची नोंद एकाच वेळी टेबलावर असती तर हा दुहेरी खर्च टळला असता.

वारसा म्हणजे नुसते वय नव्हे. दगड कुठल्या खाणीचा, घडाई कशी, कठड्यावर कोरलेले साल, मूळ चुना शिल्लक आहे का, पुढे काही बदलले गेले का, हे सगळे फोटो आणि मापांसह लिहावे लागते. या नोंदीवरून दुरुस्तीची पद्धतही ठरते. आपल्या कमानीत दरजा चुन्याने नीट भरल्या, तर 0.73 चा गुणक 0.9 होतो. अवस्थेचा गुणक 0.8 चाच राहिला तरी आकडा साधारण साडेवीसवरून पंचवीस टनांवर जातो. हीच भरणी सिमेंटने केली तर ती दगडापेक्षा कडक होते, पाणी आत कोंडते आणि काही वर्षांत दगडाचे दर्शनी पापुद्रे सुटू लागतात. वर काँक्रीटचे खोगीर घातले तर क्षमता खूप वाढते, पण मग भार मुख्यतः काँक्रीट वाहते आणि खाली दगडी कमानीचा फक्त देखावा उरतो. तो मार्ग घेतला तर घेतला असे लिहून घ्यावा, जतन म्हणून नव्हे.

शेजारी नवा पूल असेल तर तिसरा मार्ग मोकळा असतो: जड वाहने नव्यावर, जुना पायी आणि दुचाकीसाठी. सावित्रीवर तो पर्याय होता. त्यातही पुराच्या काळात रस्ता बंद करण्याची पातळी ठरलेली असावी लागते. रेल्वे आपल्या पुलांच्या खांबांवर धोक्याची रेघ रंगवते आणि पाणी तिथे पोचले की गाड्या थांबतात. जुन्या रस्त्याच्या पुलाच्या तोंडाशी टनांची पाटी असते. खांबावरच्या रेघेची उंची ठरवायची तर आधी पाया किती खोल आहे हे ठाऊक असावे लागते.