नाक मोठं नाही, फोन जवळ आहे

खानदेशात हल्ली पाहुणे पाहायला यायच्या आधीच बायोडाटा व्हॉट्सॲपवर येऊन पडलेला असतो. त्यातला फोटो आत्या, मामा, चुलत वहिनी सगळ्यांनी बोटांनी मोठा करून करून बघितलेला असतो. मग एका रविवारी शहाद्याहून नाहीतर धुळ्याहून गाडी येते, पोहे होतात, चहा होतो आणि परतीच्या वाटेवर मुलगा म्हणतो, "फोटोत वेगळी वाटत होती." मुलींनाही मुलांबद्दल असंच वाटतं, फक्त त्यांना कोणी विचारायच्या भानगडीत पडत नाही. फोटो सुधारलेला होता, हे उघड आहे. पण पाहणाऱ्याची नजरही बदललेली असते आणि तिकडे कोणाचं लक्ष जात नाही.

साधा, नेहमीसारखा चेहरा म्हणजे कसा, याचं पक्कं माप मेंदूत नसतं. आपण जे चेहरे बघत जातो त्यांची एक सरासरी मेंदू आपल्या नकळत काढत राहतो, आणि समोरचा चेहरा त्या सरासरीपेक्षा कुठे वेगळा आहे हे बघून त्याला जोखतो. बघण्यात आलेले चेहरे बदलले की ही सरासरीही सरकते. 1999 मध्ये अमेरिकेत मायकेल वेब्स्टर आणि ओटो मॅकलिन यांनी हे प्रयोगातून दाखवलं. संगणकावर ताणलेले किंवा आक्रसलेले चेहरे लोकांना थोडा वेळ बघू दिले आणि लगेच एक साधा चेहरा दाखवला. तो साधा चेहराच त्यांना उलट बाजूने बिघडलेला दिसला. पुढे 2003 मध्ये ऑस्ट्रेलियात गिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी त्यात सौंदर्याचा प्रश्न घातला. काही मिनिटं एकाच प्रकारे बदललेले चेहरे बघितल्यावर लोकांना नॉर्मल वाटणारा चेहरा त्या बदलाच्या दिशेने सरकला, आणि देखणा वाटणारा चेहराही त्याच्या मागोमाग सरकला. रोज झणझणीत शेवभाजी खाणाऱ्याला साधं वरण अळणी लागतं, तसंच हे. वरणातलं मीठ कोणी कमी केलेलं नसतं.

इथे दिशा महत्त्वाची. बाजारात, एसटीत, लग्नाच्या मांडवात दिसणारे चेहरे सगळ्या बाजूंनी वेगवेगळे असतात. कोणाचं नाक बसकं, कोणाचं धारदार. त्यामुळे सरासरी एका जागी टिकते. फिल्टर मात्र प्रत्येक चेहऱ्याला एकाच बाजूला ढकलतो. आधी तो चेहऱ्यावर खुणेचे बिंदू बसवतो. गूगलच्या मीडियापाइप या प्रणालीत ते 468 असतात. हे बिंदू सरकवून डोळे मोठे, हनुवटी निमुळती आणि नाक बारीक केलं जातं. मग त्वचेची पाळी. शेजारशेजारचे जवळपास एकाच रंगाचे ठिपके एकमेकांत मिसळले जातात, पण जिथे रंग एकदम बदलतो ती कड तशीच ठेवली जाते. म्हणून पापण्या आणि ओठांची रेघ ठसठशीत राहते. रोमछिद्रं, बारीक लव, मुरुमांचे डाग मात्र पुसले जातात. शेवटी उजळपणा. वैशाखात 45 अंशांच्या उन्हात रापलेली कातडी फोनला जणू चूक वाटते. बायोडाट्यात "वर्ण: गोरा" लिहायची घाई आपल्याकडे आधीपासून होतीच, फोनने ती एका बोटावर आणून ठेवली.

अमळनेरच्या एका स्टुडिओवाल्या काकांना मी विचारलं, गिऱ्हाईक काय सांगतं? ते म्हणाले, "पहिले म्हणायचे, काका, डाग काढा. आता स्वतःच मोबाईलमधला फोटो दाखवतात नि म्हणतात, असा चेहरा काढून द्या. आता तसा चेहरा कॅमेऱ्यात उतरला तर पाहिजे ना!" तिथेच एक आजी नातीचा तयार फोटो हातात धरून विचारत होत्या, "हाई कोन शे व माय?"

या मुलामुलींनी सगळ्यात जास्त वेळा बघितलेला सुधारित चेहरा कोणाचा असतो? स्वतःचा. आणि तिथे फिल्टरच्या आधी कॅमेराच एक घोळ घालून ठेवतो. समजा, एका मुलीने फोन जवळ धरून सेल्फी काढला. फोन नाकाच्या शेंड्यापासून 30 सेंटिमीटरवर आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानाजवळच्या गालाच्या हाडापर्यंत अंतर धरू 12 सेंटिमीटर. म्हणजे ते हाड फोनपासून 42 सेंटिमीटरवर आलं. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून हाडाच्या तुलनेत नाक 42 भागिले 30, म्हणजे 1.4 पट मोठं उमटतं. तोच फोन दीड मीटरवर ठेवला तर हिशोब 162 भागिले 150, म्हणजे 1.08 पट. दोन्ही फोटोंची तुलना केली तर सेल्फीत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असाच हिशोब मांडला तेव्हा आकडा जवळपास हाच आला. तेही नाकाचं ऑपरेशन मागायला येणाऱ्यांच्या हातातले सेल्फी बघूनच या हिशोबाकडे वळले होते.

आता त्या मुलीकडे परत या. साध्या सेल्फीत तिला नाक मोठं दिसतं, फिल्टर लावला की बारीक दिसतं. ती समजते, पहिला फोटो खरा आणि दुसरा सुधारलेला. पण पहिलाही खरा नाही. समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला तिचं नाक कधीच एवढं मोठं दिसत नाही.

नजरेतला हा बदल कायमचा असतो का? प्रयोगशाळेतला परिणाम साधे चेहरे बघितले की बऱ्याचदा काही मिनिटांत ओसरतो. ओळखीच्या, प्रसिद्ध चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र जर्मनीत क्लाउस-क्रिस्टियान कार्बोन यांना आठवड्यानंतरही त्याची खूण सापडली. वेब्स्टर यांनी 2004 मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. जपानी चेहरा कुठे संपतो आणि गोरा कुठे सुरू होतो, ही त्यांच्या मनातली सीमा सरकली होती; जे जास्त काळ राहिले आणि स्थानिकांमध्ये जास्त मिसळले त्यांची अधिक. म्हणजे दिवसभरात कोणते चेहरे किती दिसतात यावर बरंच ठरतं. कॉलेजच्या कट्ट्यावर आणि घरच्या शेतावर माणसांत असणाऱ्या पोराची सरासरी फोनच्या बाहेरही घडत असते. खोलीत रात्री दोनपर्यंत रील्स बघणाऱ्याची कमी.

फोटोवर "सुधारित" असं लिहून टाकलं तर? नॉर्वेत जुलै 2022 पासून शरीर किंवा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी खूण लागते. पण अशा खुणांवर झालेल्या अनेक प्रयोगांत बघणाऱ्यांची स्वतःबद्दलची नाराजी फारशी कमी झाली नाही. मला याचं नवल वाटत नाही. ती सरासरी काढताना मेंदू खालची ओळ वाचत बसत नाही.

फोटो सुधारलेला आहे हे ओळखायला गालामागची सरळ रेघ बघावी. दाराची चौकट किंवा फरशीचा सांधा गालाजवळ वाकलेला असेल, तर गाल आत ढकललेला आहे. गळ्याची कातडी खरखरीत आणि गालाची मेणासारखी असेल, किंवा नाकातल्या चमकीची कड विरघळल्यासारखी दिसत असेल, तरी तेच. व्हिडिओत पूर्वी चेहऱ्यापुढून हात फिरवला की फिल्टर क्षणभर निसटायचा. 2023 मध्ये आलेल्या टिकटॉकच्या "बोल्ड ग्लॅमर"पासून ही युक्ती भरवशाची राहिलेली नाही. त्यात चेहऱ्यावर मुखवटा बसवल्यासारखं न करता चित्रच नव्याने घडवलं जातं, त्यामुळे हात आडवा आला तरी ते हलत नाही.

बायोडाट्याचा फोटो घरीच काढायचा असेल तर फोन दुसऱ्याच्या हातात द्यावा, मागचा कॅमेरा वापरावा, दीड-दोन मीटर लांब उभं राहून झूम करावं. नाकाचं प्रमाण अंतराने ठरतं, झूमने बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये "ब्युटी" आधीच चालू आहे का, तेही बघावं. बऱ्याच फोनमध्ये ते कंपनीकडूनच चालू येतं.