राखीव जागा आणि तिकिटांचा कोटा: दोन्ही एकच नाही बरं का

बारावीच्या पेपरात 'राजकारणात महिलांचं प्रतिनिधित्व कमी का, आणि आरक्षण का हवं' असा प्रश्न आला की बहुतेक जण 'महिलांना ३३ टक्के द्यावं' असं लिहून मोकळे होतात. पण ३३ टक्के कशाचे, तिकिटांचे की जागांचे? अर्धे मार्क तिथेच जातात.

आधी तफावत कुठे आहे ते बघा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ महिला निवडून आल्या, म्हणजे साधारण १४ टक्के. मतदानात बायका मागे आहेत म्हणून असं झालं का, तर नाही, मतदानाची टक्केवारी स्त्री-पुरुषांची जवळपास सारखीच होती. मग लोक बाईला मत देत नाहीत? तेही पटत नाही, कारण एकूण ८,३६० उमेदवारांत महिला होत्याच साधारण ८००, आणि त्यातल्या ७४ जिंकल्या, म्हणजे शंभरात नऊ, पुरुषांमध्ये हेच प्रमाण सहाच्या आसपास येतं. (इथे जरा सांभाळून, डिपॉझिट घालवणारे ढीगभर अपक्ष पुरुषच असतात म्हणून त्यांचा आकडा पडलेला दिसतो.) तरी एवढं नक्की कळतं की गळती मतपेटीपाशी नाही, त्याच्या आधी आहे, तिकीट वाटपात.

मग पहिला उपाय सुचतो तो तिकिटांचा कोटा. पक्षाने ठरावीक टक्के तिकिटं बायकांना द्यायची, मतदारसंघ मात्र सगळ्यांना खुला. ऐकायला छान, पण कुठल्या मतदारसंघाचं तिकीट द्यायचं हे पक्षच ठरवतो ना! समजा पक्षाकडे ९ जागा आहेत, ४ हमखास येणाऱ्या आणि ५ पडणाऱ्या, आणि ३ तिकिटं बायकांना द्यायचीत. तिन्ही त्या पाचांतली दिली की कोटा पूर्ण आणि निवडून आलेली बाई शून्य. फ्रान्समध्ये असंच काहीसं झालं. तिथे २००० साली कायदा आला, निम्मे उमेदवार महिला नसतील तर पक्षाच्या सरकारी निधीत कपात, तरी २००२ मध्ये नॅशनल असेंब्लीतल्या महिला १०.९ वरून जेमतेम १२.३ टक्क्यांवर गेल्या, कारण मोठ्या पक्षांनी कपात सोसली आणि बऱ्याच बायकांना अवघड जागा दिल्या. अर्थात पक्षाच्या मनात असेल तर कोटा चालतो, २०१९ ला ओडिशात बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ पैकी ७ तिकिटं महिलांना दिली आणि ५ जिंकल्या. पण 'मनात असेल तर' हीच तर मेख आहे.

राखीव जागेत पक्षाला ही पळवाटच उरत नाही. त्या मतदारसंघात फक्त महिलाच उभ्या राहू शकतात, त्यामुळे कुठलाही पक्ष जिंकला तरी निवडून येणार बाईच. मत मात्र सगळेच देतात, पुरुषसुद्धा (हे खूप जण चुकीचं लिहितात). आपल्याकडे १९९३ पासून लागू झालेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांमध्ये किमान एक तृतीयांश जागा अशा राखीव झाल्या, महाराष्ट्रात तर आता ५० टक्के आहेत.

आता आरक्षणाच्या बाजूने सगळ्यात भारी मुद्दा, जो फारसं कोणी लिहीत नाही. मुंबई महापालिकेत वॉर्ड आलटूनपालटून राखीव होत असल्यामुळे आपोआप एक प्रयोग घडला. १९९७ मध्ये राखीव असलेले काही वॉर्ड २००२ मध्ये खुले झाले आणि रिखिल भवनानी या अभ्यासकाने त्यांची तुलना दोन्ही वेळा खुल्या असलेल्या वॉर्डांशी केली. आधी राखीव असलेल्या वॉर्डात, आरक्षण उठल्यावरही, बाई जिंकण्याची शक्यता जवळपास पाचपट निघाली. म्हणजे एकदा दार उघडलं की अनुभव असलेल्या बायका तयार होतात आणि पक्षालाही कळतं की ही निवडून येऊ शकते.

पण उत्तरात तोटेही लिहा. खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा, 'सरपंचपती' प्रकार आहेच. दुसरं म्हणजे रोटेशन, पुढच्या वेळी वॉर्ड खुला होणार आणि पक्ष परत तिकीट देईलच असं नाही हे माहीत असलं की पाच वर्षं कामं करून मतदार बांधायचे कशाला, असं वाटू शकतं.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीत लोकसभा आणि विधानसभांसाठी एक तृतीयांश जागा आहेत, म्हणजे तीही तिकिटं नाही, जागाच, पण त्या जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर लागू होणार अशी अट घातली गेली. तिथे जागा बदलणार त्या दर निवडणुकीला नाही तर दर पुनर्रचनेनंतर, त्यामुळे एखादीला त्याच मतदारसंघातून परत उभं राहायला मिळेल आणि रोटेशनचा तो तोटा जरा कमी होईल.