'असतं तर' इंग्रजीत म्हणताना

(मधल्या पातळीच्या बॅचसाठी, आमच्या इंग्रजी वर्गाकडून)

"माझ्याकडे पैसे असते तर!" आज खिसा रिकामा असला की आपण असं म्हणतो. गेल्या वर्षी पैशांअभावी घर हातचं गेलं, त्याबद्दलही हेच म्हणतो. मराठीत 'असते' दोन्हीकडे चालतं. इंग्रजीत मात्र तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं, की हळहळ आजची आहे की मागची. आमच्या वर्गात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

त्यासाठी आधी खरी परिस्थिती साध्या वाक्यात मांडा. समजा, मावसभावाचं आज नागपुरात लग्न आहे आणि तुम्ही पुण्यातच आहात. खरं वाक्य 'आय अ‍ॅम नॉट इन नागपूर'. ते वर्तमानकाळात आहे, म्हणून काळ एक पायरी मागे न्या आणि नकार काढा: 'आय विश आय वेअर इन नागपूर'. वेळ आजचीच आहे. भूतकाळी रूप फक्त एवढंच सांगतं, की हे खरं नाही.

आता लग्न होऊन गेलं. खरं वाक्य 'आय डिडन्ट गो'. ते आधीच भूतकाळात आहे, म्हणून आणखी एक पायरी मागे: 'आय विश आय हॅड गॉन'. पैशांचंही तसंच. आजचे नसतील तर 'आय विश आय हॅड द मनी', तेव्हाचे नव्हते तर 'आय विश आय हॅड हॅड द मनी'. दोनदा 'हॅड' ऐकून दचकू नका, वाक्य बरोबर आहे.

'इफ ओन्ली'लाही हेच काळ लागतात, फक्त तळमळ जास्त. शब्द उलटे करून 'ओन्ली इफ' म्हणालात तर मात्र ती अट होते, 'तरच' या अर्थाची.

'आय'सोबत 'वेअर' कानाला खटकतं, पण परीक्षेत आणि औपचारिक पत्रात तेच लिहा. बोलताना 'आय विश आय वॉज' सर्रास ऐकू येतं, ते चालतं. 'इफ आय वेअर यू' हा सल्ला देण्याचा ठरलेला प्रयोग, तो तसाच ठेवावा. पण प्रत्येक 'इफ'नंतर 'वेअर' घालू नका. 'इफ ही वॉज होम यस्टर्डे, ही सॉ द लेटर' यात तो घरी असेलही, म्हणून 'वॉज'च हवं.

'वुड' दुसऱ्याच्या वागण्याबद्दल किंवा आपल्या हातात नसलेल्या गोष्टीबद्दल येतं: 'आय विश इट वुड स्टॉप रेनिंग'. स्वतःबद्दल 'आय विश आय वुड' सहसा म्हणत नाहीत. पोहता येत नसेल तर 'आय विश आय कुड स्विम' म्हणा. आणि उद्या पाऊस थांबण्याची खरोखर आशा असेल, तर 'विश' सोडून 'आय होप इट स्टॉप्स' म्हणायचं.