स्मृती बी पेशी

एकदा येऊन गेलेल्या जंतूची ओळख धरून ठेवणारी, लसीका ग्रंथी, प्लीहा व रक्त यांत वर्षानुवर्षे टिकणारी पांढरी रक्तपेशी. तिचा जीवनक्रम १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या उदाहरणावरून चांगला उलगडतो.

त्या साथीत आजारी पडलेल्या एखाद्या मुलाच्या मानेतील लसीका ग्रंथी सुजली असेल, तर आत मोठी घाई चालू होती. विषाणूच्या पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाला जेमतेम चिकटू शकणारी एक बी पेशी तिथे होती. मदतनीस टी पेशी या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीचा इशारा मिळताच ती विभागू लागली. प्रत्येक विभाजनात तिच्या ग्राहकाच्या, म्हणजे विषाणूला पकडणाऱ्या तिच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या, जनुकात मुद्दाम चुका होत गेल्या. पकड सैल झालेल्या बहुतेक लेकी मेल्या. घट्ट झालेल्या तेवढ्या उरल्या. त्यांतल्या काही प्लाझ्मा पेशी होऊन जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, ओतू लागल्या, तर काही स्मृती पेशी झाल्या.

स्मृती पेशी प्रतिपिंडे स्रवत नाही. ती लहानखुरी असते, क्वचितच विभागते, आणि ग्रंथीच्या कडेला थांबते किंवा रक्तातून दुसऱ्या ग्रंथीकडे जाते. आजार संपला, मूल मोठे झाले, म्हातारे झाले, तरी तिचा वंश टिकून राहतो. हे नुसते अनुमान नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ९१ ते १०१ वर्षे वयाच्या, १९१८ ची साथ पाहिलेल्या लोकांचे रक्त तपासले. त्यांच्या बी पेशींपासून मिळवलेल्या प्रतिपिंडांनी १९१८ चा विषाणू निष्प्रभ केला आणि उंदरांना त्यापासून वाचवले. सुमारे ९० वर्षांची ही प्रतीक्षा या विषयातील सर्वांत विलक्षण नोंद मानावी लागेल.

पुढच्याच वर्षी खरी कसोटी आली. २००९ च्या स्वाइन फ्लूचे हिमॅग्लुटिनिन १९१८ च्या विषाणूशी बरेच जुळणारे होते. पुण्यासह जगभर ही साथ तरुणांना व मुलांना जास्त भोवली. वृद्धांना लागण तुलनेने कमी झाली. १९१८ च्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत फिरत होते, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या अनेकांकडे जुळणाऱ्या स्मृती पेशी व प्रतिपिंडे होती. ओळखीचे प्रतिजन, म्हणजे पेशीला पकडता येणारा जंतूचा भाग, भेटले की अशी पेशी तीन ते पाच दिवसांत प्रतिपिंडे करणाऱ्या पेशींची फौज उभी करते. पहिल्या भेटीत याला आठवडा ते दोन आठवडे लागतात. म्हणून दुसऱ्या वेळी आजार सौम्य राहतो किंवा जाणवतही नाही.

ओळख मात्र विषाणूच्या नेमक्या आकाराशी बांधलेली असते. इन्फ्लुएंझाचे हिमॅग्लुटिनिन दरवर्षी थोडे बदलते. पकडीची जागा बदलली, तर जुनी पेशी जागी होऊनही उपयोगी प्रतिपिंड देऊ शकत नाही. याहून मोठे नुकसान गोवर करतो. त्याचा विषाणू स्मृती पेशींमध्येच शिरून त्यांना मारतो, आणि गोवरातून बऱ्या झालेल्या मुलांमध्ये इतर जंतूंविरुद्धची जुनी प्रतिपिंडे घटलेली आढळतात. गोवराच्या लशीने असे होत नाही.