सुमो रोबोतले पाचशे ग्रॅम बसतात कुठे?

सुमो रोबो म्हणजे समोरच्या रोबोला ढकलून रिंगणाबाहेर काढणारा छोटा रोबो. त्याच्याबद्दल सर्वांत चिवट गैरसमज असा की ज्याची मोटर ताकदवान तो जिंकतो. मोटरच्या पाकिटावर ‘हाय टॉर्क’ छापलेलं असतं आणि नवशिक्याचा खिसा तिथेच रिकामा होतो. प्रत्यक्षात रोबो ढकलतो तो टायरने. टायर जमिनीवर जेवढा घट्ट दाबला जाईल तेवढीच त्याची पकड, आणि पकडीपलीकडची मोटरची सगळी ताकद चाक जागच्या जागी फिरवण्यात जाते.

मिनी सुमो वर्गाचे नियम थोडक्यात असे. रोबोचं वजन 500 ग्रॅमपर्यंत, तळ 10 × 10 सेंटीमीटरमध्ये मावणारा, उंचीला मर्यादा नाही. रिंगणाला जपानी कुस्तीवरून ‘दोह्यो’ म्हणतात. ते 77 सेंटीमीटर व्यासाचं, काळं असतं आणि त्याच्या कडेला अडीच सेंटीमीटरची पांढरी पट्टी असते. जो आधी रिंगणाबाहेर टेकला तो हरला. चिकट टायर चालत नाहीत: A4 आकाराच्या कागदावर रोबो ठेवून उचलला आणि कागद दोन सेकंदांपेक्षा जास्त चिकटून राहिला, तर रोबो बाद.

शाळेत शिकलेलं सूत्र इथे पुरतं: घर्षण = घर्षणांक × भार. स्वच्छ, मऊ सिलिकॉन टायरचा घर्षणांक 1 धरू. मग चाकांवर 500 ग्रॅम असतील तर रोबो जास्तीत जास्त 500 ग्रॅम भाराइतक्या जोराने ढकलेल. म्हणून वजन मर्यादेच्या खाली ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. 440 ग्रॅमचा रोबो 60 ग्रॅमची ढकल घरी ठेवून आलेला असतो. दोन छोट्या गिअर मोटर, बॅटरी, कंट्रोलर, सेन्सर आणि चाकं मिळून दीडशे-दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणजे उरलेलं वजन मुद्दाम घालावं लागतं. अ‍ॅल्युमिनिअमऐवजी पोलादी तळपट्टी घेतली की काम झालं: 10 × 10 सेंटीमीटरची 3 मिलिमीटर जाड पोलादी पट्टी साधारण 235 ग्रॅम भरते, आणि तिचं सगळं वजन जमिनीलगत राहतं. मात्र काटा 500 दाखवेपर्यंत भरत बसू नका, 495 ला थांबा. पंचांचा काटा तुमच्या काट्याशी सहमत असेलच असं नाही.

आता खरा प्रश्न. हे 500 ग्रॅम नेमके बसतात कुठे?

नेहमीची रचना घेऊ. मागे दोन चाकं, पुढे जमिनीला टेकलेलं पातळ, उतरतं पोलादी ब्लेड. रोबो 100 मिलिमीटर लांब आहे आणि चाकांचा आस ब्लेडच्या टोकापासून 70 मिलिमीटरवर आहे. म्हणजे रोबो तीन ठिकाणी टेकतो: दोन चाकं आणि ब्लेड. गुरुत्वमध्य टोकापासून 50 मिलिमीटरवर असेल, तर तरफेच्या नियमाने चाकांवर 500 × 50 ÷ 70, म्हणजे 357 ग्रॅम येतात. बाकीचे 143 ग्रॅम ब्लेडवर. ब्लेड काही ढकलत नाही, उलट घासतं. बॅटरी आणि ओझ्याची पट्टी मागे सरकवून गुरुत्वमध्य 60 मिलिमीटरवर नेला की चाकांवर 429 ग्रॅम येतात आणि ब्लेडवर 71 उरतात. एकही सुटा भाग न बदलता ढकल पाचव्या हिश्शाने वाढली.

मग गुरुत्वमध्य थेट आसावरच का नेऊ नये? ब्लेडवर शून्य, चाकांवर पूर्ण 500. इथेच बहुतेक रोबो फसतात, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यांत सुंदर गोष्टही हीच आहे.

रोबो प्रतिस्पर्ध्याला ढकलतो तेव्हा दोन बलं काम करतात. टायरवर जमिनीचं बल पुढच्या दिशेने, अगदी जमिनीच्या पातळीवर. प्रतिस्पर्ध्याचं उलटं बल मागच्या दिशेने, पण ते जिथे टक्कर होते त्या उंचीवर. एक खाली, एक वर, दिशा विरुद्ध. अशी जोडी वस्तूला फिरवते, आणि इथे ती रोबोचं नाक वर उचलते. ब्लेडवरचा भार चाकांवर सरकतो. हे चांगलंच आहे, कारण ढकलताना हवा असलेला भार आपोआप टायरवर येतो. पण मर्यादा ओलांडली की ब्लेड जमीन सोडतं आणि समोरच्याचं ब्लेड खाली शिरतं.

ही मर्यादा काढता येते. ब्लेड उचललं जाण्याच्या क्षणी सगळं वजन चाकांवर असतं. गुरुत्वमध्य आसाच्या 10 मिलिमीटर पुढे आहे, म्हणून नाक खाली दाबणारा परिणाम 500 × 10. नाक उचलणारा परिणाम 500 × टक्करीची उंची. म्हणजे घर्षणांक 1 असताना टक्कर 10 मिलिमीटरपेक्षा उंच झाली की नाक उठणार. आणखी मऊ टायर लावून घर्षणांक 1.2 केला तर मर्यादा सुमारे 8 मिलिमीटरवर घसरते. पकड वाढली आणि रोबो हरायला लागला, याचं कोडं इथे सुटतं. गुरुत्वमध्य थेट आसावर नेला असता तर ही मर्यादा शून्य झाली असती.

आता ब्लेडचा खरा उपयोग पाहा. प्रतिस्पर्ध्याचं नाक आपल्या उतारावर चढलं आणि त्याचे 100 ग्रॅम टोकापासून 20 मिलिमीटर मागे टेकले असं धरू. हे ठिकाण आसाच्या 50 मिलिमीटर पुढे आहे, म्हणजे नाक दाबून ठेवायला 100 × 50 ची भर पडली. एकूण 10,000. चाकांवर आता 600 ग्रॅमपर्यंत भार येऊ शकतो, म्हणून नवी मर्यादा 10,000 ÷ 600, जवळजवळ 17 मिलिमीटर. आपली ढकल 500 वरून 600 ग्रॅम झाली आणि प्रतिस्पर्ध्याची 400 पर्यंत उतरली. एरवी बरोबरीत अडकली असती ती झुंज दीडपटीने आपल्या बाजूने झुकली. समोरचा जड भाग उतारावर जितका मागे येईल तितका तो आपल्या चाकांच्या वाट्याला येतो, नुसता टोकाशी अडला तर बहुतेक ब्लेडवरच बसतो. म्हणून उतार गुळगुळीत हवा आणि तीव्र नको.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, चाकं काट्यावर आणि ब्लेड काट्याच्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवा. काटा चाकांवरचा भार सांगतो. मग रोबोला मागून स्प्रिंगकाटा बांधा आणि पुढे चालवा. चाकं घसरत फिरत असतील तर मोटर पुरेशी आहे. चाकं थांबून मोटर गुरगुरत राहिली तर गिअर चुकला, आणि ती लगेच बंद करा, नाहीतर आधी तापेल ती मोटर किंवा तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर. दोरी जमिनीलगत बांधा, मग तीच थोडी वर बांधून पाहा. कोणत्या उंचीला ब्लेड उठतं ते डोळ्यांनी दिसेल. एरवी कागदाची पट्टी ब्लेडखाली सरकत असेल तर समोरच्याचं ब्लेडही सरकणार.

या आकड्यांतूनच मोटर ठरते. 30 मिलिमीटर व्यासाची चाकं आणि 600 ग्रॅमची ढकल धरली तर प्रत्येक चाकाला 0.45 किलोग्रॅम-सेंटीमीटर टॉर्क लागतो. 6 व्होल्टच्या छोट्या धातूगिअर मोटरमध्ये 50:1 गिअरची मोटर मिनिटाला सुमारे 600 फेरे देते आणि साधारण 0.9 ला जाम होते. म्हणजे ढकलताना ती निम्म्या ताकदीवर असते, जिथे डीसी मोटर सर्वाधिक शक्ती देते. 30:1 ची मोटर हजार फेरे देते, पण 0.55 च्या आसपास जाम होते, म्हणजे ढकलताना ती जवळजवळ अडलेली असेल. जुन्या L298N ड्रायव्हरमध्ये दोनेक व्होल्ट वाटेतच जातात. छोट्या बॅटरीवर ते परवडत नाही, TB6612FNG घ्या.

वेगवान मोटरचा दुसरा तोटा कडेला कळतो. 600 फेऱ्यांना वेग सेकंदाला सुमारे 0.9 मीटर. या वेगात पूर्ण ब्रेक लावला तरी थांबायला किमान 4 सेंटीमीटर लागतात. हजार फेऱ्यांना वेग सुमारे 1.57 मीटरवर जातो आणि थांबायचं अंतर साडेबारा सेंटीमीटरवर, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढतं. कडेचा सेन्सर ब्लेडच्या टोकामागे 10 मिलिमीटरवर असेल, तर पांढरी पट्टी दिसते त्या क्षणी आपला गुरुत्वमध्य रिंगणाच्या काठापासून 75 मिलिमीटर आत असतो. पहिला रोबो वाचतो. दुसऱ्याला सेन्सर कितीही चांगला असला तरी वाचवू शकत नाही.

पण पहिलाही बुडू शकतो, प्रोग्राममुळे. कडेला परावर्तित इन्फ्रारेडचे छोटे सेन्सर लावतात, जमिनीपासून 3 मिलिमीटरवर, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत. पांढऱ्यावरून प्रकाश परततो, काळ्यावरून फारसा नाही. अडचण अशी की काठापलीकडच्या पोकळीवरूनही परतत नाही. म्हणजे सेन्सर पट्टी ओलांडून गेला की त्याला पुन्हा ‘काळंच’ दिसतं. 0.9 मीटर वेगाने अडीच सेंटीमीटर ओलांडायला 28 मिलिसेकंद लागतात. प्रतिस्पर्धी शोधायला HC-SR04 हा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावला असेल आणि समोर कोणी नसेल, तर तो प्रतिध्वनीची 38 मिलिसेकंदांपर्यंत वाट पाहत बसतो. तेवढ्यात रोबो 34 मिलिमीटर पुढे गेलेला असतो. पट्टी आली आणि गेली, प्रोग्रामला पत्ताच नाही. ‘हा रोबो या रिंगणावर चालतच नाही, नजर लागली’ असं म्हणणारे भेटतात. रोबोला नजर लागत नाही, थांबणारी ओळ लागते. Arduino मध्ये ती ओळ अशी आखडती करा:

```
t = pulseIn(ECHO, HIGH, 5000);
```

5000 मायक्रोसेकंदांत आवाज 85 सेंटीमीटरवरून परत येतो, रिंगण तर 77 चंच आहे. त्याहून बरं म्हणजे होय-नाही एवढंच सांगणारे इन्फ्रारेड सेन्सर वापरणं. काहीही असो, लूपमध्ये कडेची तपासणी सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा व्हावी.

आणखी एक खोच. नाक उचललं गेलेल्या रोबोच्या कडेच्या सेन्सरलाही जमीन दूर गेल्यामुळे काळंच दिसतं. म्हणजे ब्लेड हरणारा रोबो आंधळाही होतो. म्हणून मागच्या बाजूला निदान एक सेन्सर हवाच. मागे ढकलले जात असताना त्याने पांढरं दाखवलं, तर सरळ जोर लावण्यात अर्थ नाही. एक चाक पुढे आणि एक मागे फिरवून अंग तिरकं करा, म्हणजे समोरच्याची ढकल आपल्या मध्यातून न जाता बाजूने सटकते.

हल्ल्याची पहिली चालही भाराच्याच हिशेबाने ठरते. सरळ समोरून गेलात तर ब्लेडविरुद्ध ब्लेड, आणि ज्याचं ब्लेड केसभर खाली तो जिंकणार. सुरुवातीला थोडं वळण घेऊन बाजूने गेलात तर तिथे ब्लेड नसतं, चाकाशेजारची उघडी फट असते. शिवाय त्याची चाकं बाजूला ढकलू शकत नाहीत, फक्त घसरायला विरोध करतात. प्रत्येक फेरीआधी टायर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. धूळ बसलेल्या टायरचा घर्षणांक 1 राहत नाही, आणि वरचे सगळे आकडे त्या एकावरच उभे आहेत.