खाणारी तोंडे सात, कमावते हात दोन

“घरात खाणारी तोंडे सात आणि कमावते हात दोन,” असे कोणी म्हटले की एका कुटुंबाची सारी ओढाताण डोळ्यांपुढे उभी राहते, आणि तीही ‘माणूस’ हा शब्द एकदाही न वापरता. अवयव सांगून अवयवी सुचवण्याची ही रीत संस्कृत साहित्यशास्त्रात लक्षणेत मोडते. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत: शब्दाचा मूळ अर्थ वाक्यात अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचे नाते असले पाहिजे, आणि अशा वापरामागे रूढी तरी हवी किंवा प्रयोजन तरी. ‘भाले आत शिरत आहेत’ या त्याच्या उदाहरणात भाले आपण होऊन चालत नाहीत, म्हणून आपण भालाईत समजतो; भाल्यांची टोके मात्र नजरेसमोरून हटत नाहीत.

खरी मेख प्रयोजनात आहे. आपल्या वाक्यातील कमावता माणूसही घरात जेवतोच, म्हणजे सात तोंडांत त्याचे तोंड आलेच. पण एकदा तो खर्चाच्या बाजूला मोजला जातो आणि एकदा मिळकतीच्या. निवडलेला अवयव त्या माणसाचे त्या वाक्यापुरते काम ठरवतो. ‘कमावते हात जेवायला बसले’ असे म्हणून पाहावे; व्याकरण चुकत नाही, तरी हसू येते.

हे उलगडायला मेंदूला जादा वेळ लागतो का? फ्रिसन आणि पिकरिंग या संशोधकांनी 1999 मध्ये वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या. ‘व्हिएतनामच्या वेळी निदर्शने झाली’ अशा अर्थाच्या वाक्यात देशाचे नाव युद्धासाठी आले होते, तरी वाचक अडखळले नाहीत. त्याच जागी ‘फिनलंड’ येताच वाचन मंदावले. रूढ वाट असली की वळसा पडत नाही.

मोजणीत मात्र सावध राहावे लागते. ‘कमावते हात दोन’ म्हणजे कमावणारी माणसे दोन की एकाच माणसाचे दोन्ही हात? माझ्या कानाला दोन माणसे ऐकू येतात, पण शंका घेणारा चुकीचा नाही. म्हणूनच बहुधा मोजदादीसाठी भाषेने एकेकटे अंश निवडले: दरडोई उत्पन्नातील डोई, शंभर उंबऱ्यांच्या गावातील उंबरा. त्यातही घोळ होतोच. भावाभावांनी चूल वेगळी केली आणि घर तेच ठेवले, तर उंबरा एक राहतो आणि चुली दोन होतात. भारताच्या जनगणनेत कुटुंब ठरवताना एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे धरली जातात. त्यामुळे तिथे या घराची नोंद दोन कुटुंबे अशी होते.